स्क्वेअर वेव्हचे हार्मोनिक हाताने काढूया: ०–५ व्होल्टची एक वेव्ह, पहिल्यापासून शेवटपर्यंत

फोरियर सिरीजचं स्क्वेअर वेव्हवरचं गणित परीक्षेत बहुतेकांना सुटतं. उत्तरात `1/n` येतो, सम हार्मोनिक शून्य येतात. पण ते शून्य का आले किंवा `4A/(nπ)` मधला 4 कुठून आला, असं विचारलं की उत्तर मिळत नाही. म्हणून इथे इंटिग्रेशन करण्याआधी क्षेत्रफळ मोजून सहगुणक काढू. नंतर तेच उत्तर सूत्राने, कॉम्प्युटरवर आणि डीएसओवर पडताळून पाहू.

उदाहरण एकच धरू. वेव्ह ० ते ५ व्होल्टची, फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झ, म्हणजे पिरियड `T` १ मिलिसेकंद. पहिला अर्धा मिलिसेकंद ५ व्होल्ट, पुढचा अर्धा मिलिसेकंद ० व्होल्ट. पुस्तकात बहुधा `+A` ते `−A` अशी वेव्ह असते. लॅबमध्ये मात्र टीटीएल आउटपुटवर साधारण अशीच ० ते ५ वाली भेटते.

पायरी १: `A` म्हणजे नक्की किती, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पुस्तकातलं सूत्र `4A/(nπ)` हे `+A` ते `−A` वेव्हसाठी आहे, म्हणजे तिथे वेव्हची पूर्ण उंची `2A` आहे. आपल्या वेव्हची पूर्ण उंची ५ व्होल्ट, म्हणून `A = 2.5`. सूत्रात थेट ५ टाकलेत, तर सगळे सहगुणक दुप्पट येतील. आणि सगळेच सारख्या प्रमाणात वाढल्यामुळे एकमेकांशी ताडून चूक सापडणारही नाही.

आपली वेव्ह म्हणजे २.५ व्होल्टचा डीसी, आणि त्यावर बसलेली ±२.५ व्होल्टची स्क्वेअर वेव्ह. डीसी हा सरासरीचा भाग: अर्धा वेळ ५, अर्धा वेळ ०, म्हणून सरासरी २.५. काही पुस्तकं या पहिल्या पदाला `a0` म्हणतात, काही `a0/2`. तुमच्या पुस्तकात `a0/2` असेल तर `a0` ची किंमत ५ येईल आणि तीही बरोबरच असेल. शेवटी मालिकेत डीसी २.५ आला पाहिजे, एवढं बघा.

पायरी २: सहगुणक म्हणजे गुणाकार करून घेतलेली सरासरी

सूत्र असं आहे:

```
b_n = (2/T) ∫ x(t) sin(nωt) dt      (एका पिरियडवर)
```

`x(t)` ला `n` पट फ्रिक्वेन्सीच्या साइनने गुणायचं, गुणाकाराची एका पिरियडवर सरासरी काढायची आणि ती दुप्पट करायची. दुप्पट कशासाठी? `sin²` ची सरासरी १/२ असते. म्हणजे `x(t)` मध्ये ३ व्होल्ट उंचीची तीच साइन असेल, तर गुणाकाराची सरासरी १.५ येते. मूळचे ३ परत मिळवायला २ ने गुणावं लागतं. बाकीच्या हार्मोनिकशी केलेल्या गुणाकाराची सरासरी शून्य येते, त्यामुळे या बेरजेत ते लुडबुड करत नाहीत.

थोडक्यात `b_n` हे एका साध्या प्रश्नाचं उत्तर आहे: या वेव्हमध्ये या फ्रिक्वेन्सीची साइन किती व्होल्ट पीकची आहे?

पायरी ३: क्षेत्रफळ मोजा

आपल्या वेव्हचा दुसरा अर्धा भाग शून्य व्होल्टचा आहे. तिथे कशानेही गुणलं तरी शून्यच. म्हणून फक्त पहिल्या अर्ध्या मिलिसेकंदाकडे बघायचं, आणि तिथे वेव्ह सरळ ५ आहे. म्हणजे काम एवढंच उरलं: अर्ध्या मिलिसेकंदात `sin(nωt)` च्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं आणि त्याला ५ ने गुणायचं.

कागदावर अर्ध्या मिलिसेकंदाची एक चौकट काढा आणि तिच्यात साइन बसवा.

`n = 1`: चौकटीत साइनची वरची एकच अर्धलाट बसते. साइनच्या एका अर्धलाटेचं क्षेत्रफळ `2/ω` असतं. आपल्या बाबतीत ते `T/π`, म्हणजे ०.३१८ मिलिसेकंद.

`n = 2`: चौकटीत एक वरची आणि एक खालची अशा दोन अर्धलाटा बसतात. क्षेत्रफळं सारखी, चिन्हं उलट. बेरीज शून्य.

`n = 3`: तीन अर्धलाटा: वर, खाली, वर. त्यातल्या दोन एकमेकींना खातात, वरची एक उरते. पण ही अर्धलाट पहिल्या साइनच्या अर्धलाटेपेक्षा तिप्पट अरुंद आहे. उंची तीच, रुंदी एक तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळही एक तृतीयांश: ०.१०६ मिलिसेकंद.

इथेच सगळं गणित संपलं. `n` सम असेल तर जोड्या पूर्ण जुळतात आणि काहीच उरत नाही. `n` विषम असेल तर नेहमी एकच अर्धलाट उरते, आणि तिची रुंदी `n` पटीने कमी असते. सम हार्मोनिक गायब का आणि `1/n` कुठून आला, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर या चित्रात आहे.

आता आकडे टाका. `b_1 = (2/1) × 5 × 0.3183 = 3.183` व्होल्ट. तिसरा त्याच्या एक तृतीयांश, पाचवा एक पंचमांश:

```
DC   2.500 V
n=1  3.183 V
n=3  1.061 V
n=5  0.637 V
n=7  0.455 V
n=9  0.354 V
```

हे सगळे पीक व्होल्टेज आहेत, पीक-टू-पीक नाहीत आणि आरएमएसही नाहीत. डीएसओ यातलं काय दाखवतो, ते पुढे येईल.

कोसाइनचे सहगुणक `a_n` याच चौकटीत बघा. कोसाइन शिखरावर सुरू होते. `n = 1` ला चौकटीच्या डाव्या अर्ध्यात ती वर असते आणि उजव्या अर्ध्यात तेवढीच खाली. बाकीच्या `n` लाही बेरीज शून्यच येते.

पायरी ४: वहीतलं इंटिग्रेशन

पेपरात चित्र चालत नाही, पायऱ्या लागतात. त्या अशा:

```
b_n = (2/T) ∫[0 → T/2] 5 sin(nωt) dt
    = (10/T) [ −cos(nωt)/(nω) ] , 0 → T/2
    = (10/(nωT)) (1 − cos nπ)
    = (5/(nπ)) (1 − (−1)^n)
```

`ωT = 2π` टाकल्यावर शेवटची ओळ मिळते. विषम `n` ला कंस 2 होतो, म्हणून `10/(nπ)`. `A = 2.5` घेऊन `4A/(nπ)` काढलंत तरी हेच येतं. मार्क जातात ते दोन ठिकाणी. साइनच्या इंटिग्रेशनमधलं वजाचं चिन्ह विसरतं आणि सगळे सहगुणक ऋण येतात. किंवा `cos nπ` ऐवजी थेट −१ लिहिलं जातं आणि सम हार्मोनिकही उत्तरात शिरतात. दोन्ही चुका पकडायला एकच तपासणी पुरते: `n = 1` आणि `n = 2` टाकून बघा. पहिला धन आणि दुसरा शून्य यायलाच हवा.

सिमेट्रीबद्दल एक गोंधळ इथेच दूर करून टाकू. डीसी वजा केल्यावर ही वेव्ह विषम फलन आहे, म्हणजे `x(−t) = −x(t)`. त्यामुळे कोसाइन जातात. सम हार्मोनिक जातात ते या कारणाने नाही. ते जातात कारण अर्धा पिरियड पुढे सरकल्यावर वेव्ह उलटी होते, `x(t + T/2) = −x(t)`. सॉटूथ वेव्ह विषम फलन असते, तरी तिच्यात सगळे सम हार्मोनिक असतात. तेव्हा "विषम फलन, म्हणून विषम हार्मोनिक" असं लिहू नका.

आकड्यांचा अर्थ: ५ व्होल्टच्या वेव्हमध्ये ६.३७ व्होल्टची साइन

वरचा तक्ता नीट वाचला तर एक गोष्ट खटकायला हवी. डीसी काढल्यावर वेव्ह ±२.५ व्होल्टच्या बाहेर कधीच जात नाही. मग तिच्यातली पहिली साइन ३.१८३ व्होल्ट पीकची कशी?

२.५ व्होल्ट पीकची साइन त्या चौकोनात बसवून बघा. मध्यावर ती बरोबर टेकते, पण दोन्ही खांद्यांशी मोठी पोकळी राहते. साइन थोडी वाढवली की मध्यावर जरा बाहेर येते, पण खांद्यांकडची पोकळी त्याहून जास्त भरते. वेव्ह आणि साइन यांच्यातल्या फरकाच्या वर्गाची सरासरी सगळ्यात कमी होते ती बरोबर ३.१८३ ला. बाहेर आलेला भाग खाली ओढायचं काम पुढचे हार्मोनिक करतात. पिरियडच्या पाव भागावर, म्हणजे वरच्या पातळीच्या मध्यावर, चिन्हं एकाआड एक बदलतात:

```
3.183
3.183 − 1.061 = 2.122
        + 0.637 = 2.759
        − 0.455 = 2.304
        + 0.354 = 2.658
```

२.५ च्या आजूबाजूला झोके घेत बेरीज हळूहळू स्थिरावते. ही `1 − 1/3 + 1/5 − …` हीच मालिका आहे, तिची बेरीज `π/4`, आणि `3.183 × π/4 = 2.5`. उत्तर तपासायला ही जागा सोयीची आहे.

हा फक्त कागदावरचा खेळ नाही. या वेव्हला एकास एक गेनच्या बँडपास फिल्टरमधून पाठवून १ किलोहर्ट्झची साइन वेगळी काढली, तर इनपुट ५ व्होल्ट पीक-टू-पीक आणि आउटपुट ६.३७ व्होल्ट पीक-टू-पीक मिळतं. ऑप-अँपला ५ व्होल्टचाच सप्लाय दिला असेल, तर साइनची टोकं कापली जातात आणि सगळे फिल्टरच्या कॅपॅसिटरला दोष देत बसतात.

पॉवरचा हिशोब वेगळा पडतो, कारण पॉवर वर्गाने जाते. एसी भागाचा मीन स्क्वेअर `2.5² = 6.25`. पहिल्या हार्मोनिकचा वाटा `3.183²/2 = 5.066`, म्हणजे ८१ टक्के. तिसऱ्याचा ९ टक्के, पाचव्याचा ३ टक्क्यांच्या जरा वर. नवव्यापर्यंत बेरीज ९६ टक्के होते. बेरीज १०० टक्क्यांच्या वर गेली तर तुम्ही आरएमएसऐवजी पीक वापरलंय, असं समजा.

याच जागी मल्टिमीटर फसवतो. ट्रू-आरएमएस मीटर एसी रेंजवर २.५ व्होल्ट दाखवतो. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, आणि हा आकडा फक्त साइनसाठी बरोबर आहे. तो २.७८ व्होल्ट दाखवेल. हा फरक दिसला तर वायरिंग तपासत बसू नका, मीटर कुठल्या जातीचा आहे ते बघा.

चिन्ह आणि फेजचं काय? वेळेचा शून्य बिंदू पाव पिरियड सरकवला, तर सगळ्या साइन कोसाइन होतात आणि चिन्हं एकाआड एक बदलतात. पण प्रत्येक हार्मोनिकची उंची `√(a_n² + b_n²)` तीच राहते. म्हणून मित्राचं उत्तर कोसाइनमध्ये आणि तुमचं साइनमध्ये असेल, तर आधी दोघांनी `t = 0` कुठे धरलाय ते विचारा.

कडेशी राहणारं शिंग

पाचही हार्मोनिक (१, ३, ५, ७, ९) मिळवून आलेख काढलात, तर उभ्या कडेनंतर ०.०५ मिलिसेकंदावर शिंगासारखं टोक दिसेल: सरासरीच्या वर २.९५६ व्होल्ट. जास्त हार्मोनिक घेतले तर हे टोक कडेला चिकटत जातं, पण त्याची उंची २.९४७ च्या खाली जात नाही. म्हणजे ५ व्होल्टच्या उडीच्या साधारण ९ टक्के ते वर राहतंच. विल्ब्रहॅमने हे १८४८ मध्ये दाखवलं होतं, नाव मात्र पडलं गिब्जचं, त्याच्या १८९९ च्या पत्रामुळे. सहगुणक चुकले म्हणून हे होत नाही. उडी असलेल्या वेव्हला गुळगुळीत साइनच्या मर्यादित बेरजेने गाठायला गेलं की हे होणारच.

डीएसओवर कडेला दिसणारं टोक मात्र सहसा प्रोबचं कॉम्पेन्सेशन बिघडल्याचं असतं. ओळखायची खूण: गिब्जची थरथर कडेच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे सारखी असते. प्रोबमुळे आलेलं टोक फक्त कडेनंतर येतं.

कॉम्प्युटरवर पडताळणी

```python
import numpy as np
N = 1000
x = np.zeros(N)
x[:500] = 5
X = np.fft.rfft(x) / N
print("DC", round(abs(X[0]), 3))
for n in range(1, 10):
    print(n, round(2*abs(X[n]), 3))
```

वरच्या तक्त्यातलेच आकडे येतील आणि सम ओळींवर ०.० दिसेल. डीसीला २ ने गुणायचं नाही, बाकी सगळ्यांना गुणायचं. लूप चुकून `n = 0` पासून चालवलात तर डीसी ५ दिसतो. `N = 1001` करून बघा: दुसऱ्या हार्मोनिकवर ०.००५ उगवेल, कारण आता ५०० सॅम्पल वर आणि ५०१ खाली आहेत. तसंच, सॅम्पलमध्ये पूर्ण सायकल बसल्या नाहीत, उदाहरणार्थ साडेदहा बसल्या, तर प्रत्येक हार्मोनिकची रेघ फाकून शेजारी सांडते.

डीएसओवर बघताना

फंक्शन जनरेटर लावताना आधी त्याचं लोड सेटिंग बघा. बरेच जनरेटर ५० ओहमचं लोड गृहीत धरून आकडा दाखवतात. डीएसओचं इनपुट १ मेगाओहमचं असतं, त्यामुळे सेट केलेल्याच्या दुप्पट व्होल्टेज येतं. सेटिंग हाय-झेड करा. नंतर एफएफटी सुरू करण्याआधी साध्या स्क्रीनवर वेव्ह खरंच ० ते ५ आहे ना, ते पाहून घ्या. टाइमबेस २ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन ठेवला तर १० डिव्हिजनमध्ये २० सायकल बसतात आणि रेघा नीट सुट्या दिसतात. उंची मोजायची असेल तर फ्लॅट-टॉप विंडो घ्या. हॅनिंगमध्ये रेघ दीड डीबीपर्यंत कमी दिसू शकते.

एफएफटीचा आकडा बहुधा डीबीव्हीमध्ये आणि आरएमएस असतो. ३.१८३ पीक म्हणजे २.२५१ आरएमएस, म्हणजे +७.०५ डीबीव्ही. तिसरा त्याच्याखाली ९.५ डीबी, पाचवा १४ डीबी, सातवा १६.९ डीबी. फरक बरोबर येतायत पण सगळेच आकडे २० डीबीने सरकलेत, तर प्रोबवरचं १०एक्सचं बटण आणि डीएसओच्या मेनूतलं सेटिंग जुळत नाहीये.

जिथे नसायला हवी अशा ठिकाणी रेघ दिसली, तर फ्रिक्वेन्सी १ किलोहर्ट्झवरून जराशी वाढवा. खरे हार्मोनिक उजवीकडे सरकतात, `n` पटीने. डावीकडे सरकणारी रेघ बहुधा एलियासिंगची असते. अशा वेळी सॅम्पलिंग रेट वाढवा.

आता राहिले सम हार्मोनिक. ते डीएसओवर जवळजवळ नेहमी थोडेफार दिसतात, आणि कारण बहुतेक वेळा ड्युटी सायकल असतं. ड्युटी `D` असेल तर ० ते ५ वेव्हच्या हार्मोनिकची उंची अशी:

```
(10/(nπ)) |sin(nπD)|
```

`D` ५० ऐवजी ४८ टक्के झाला, तर पहिला हार्मोनिक ३.१७७ व्होल्ट, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण दुसरा शून्यावरून ०.२ व्होल्टवर येतो, पहिल्यापेक्षा २४ डीबी खाली. साध्या स्क्रीनवर ४८ आणि ५० टक्क्यांतला फरक डोळ्याला कळत नाही, एफएफटीवर ती रेघ लगेच उठून दिसते. ५५५ च्या नेहमीच्या अस्टेबल सर्किटची ड्युटी `(Ra+Rb)/(Ra+2Rb)` असते, ती ५० टक्क्यांच्या वरच राहते. `Ra` १ किलोओहम आणि `Rb` १० किलोओहम घेतलात तरी ५२.४ टक्के. त्यामुळे ५५५ लावून "सम हार्मोनिक शून्य" असा निष्कर्ष जर्नलमध्ये लिहू नका, तुमचाच आलेख त्याला खोटं पाडेल.

जनरेटरवर ड्युटी बदलता येत असेल तर ती ३३.३ टक्क्यांवर आणा. आता चौकटीची रुंदी `T/3` झाली. तिच्यात तिसऱ्या हार्मोनिकची बरोबर एक पूर्ण सायकल बसते: एक अर्धलाट वर, एक खाली. तिसरी रेघ गळून पडते, आणि तिच्याबरोबर सहावी आणि नववीही. पहिला हार्मोनिक २.७५७ व्होल्टवर येतो आणि दुसरा त्याच्या बरोबर निम्मा, १.३७८ व्होल्ट, म्हणजे ६ डीबी खाली. स्क्रीनवर तिसरी रेघ पूर्ण गेली नसेल तर ड्युटी ०.१ टक्क्याने इकडेतिकडे करा आणि ती सगळ्यात खाली जाईल तिथे थांबा. तेव्हा ड्युटी एक तृतीयांशाच्या जितकी जवळ असते, तितकी साध्या स्क्रीनवर कर्सर लावून साधणं अवघड आहे.